बिल कमी का मंजूर केलं, ते शेऱ्यात कसं लिहावं: एका सहाव्या आरए बिलाचा हिशोब

प्रश्न: सर, लातूरजवळ एका वसतिगृहाचं काम आयटम रेटवर चालू आहे. गुत्तेदारानं सहाव्या आरए बिलात 31,01,800 रुपये मागितले. मी तपासून 25,07,298 चं प्रमाणपत्र तयार केलं आणि कमी केलेल्या प्रत्येक बाबीपुढे ‘साइटवर तपासल्याप्रमाणे’ असा शेरा लिहिला. गुत्तेदार म्हणतो, सहा लाख कशाचे कापले ते ओळीओळीनं लिहून द्या, नाहीतर काम बंद. आमच्या आर्किटेक्ट साहेबांनीही सही न करता परत पाठवलं. हे लिहायचं कसं? तक्ता, कराराची पानं आणि एमबीच्या नोंदी जोडल्या आहेत.

उत्तर:

गुत्तेदार रास्त मागतोय. ‘साइटवर तपासल्याप्रमाणे’ या शेऱ्यातून एवढंच कळतं की तुम्ही साइटवर गेला होता. किती मोजलं, कोणत्या नियमानं मोजलं आणि राहिलेले पैसे कधी मिळणार, यातलं काहीच कळत नाही. फिडिकच्या 2017 च्या करारनमुन्यात कलम 14.6 मध्ये हे स्पष्टच लिहिलंय: मागितलेल्या आणि प्रमाणित केलेल्या रकमेत जिथे फरक असेल, तो दाखवायचा आणि त्याचं कारण द्यायचं. तुमचा करार फिडिकचा नाही, पण वाद लवादापर्यंत गेला तर तिथेही हाच प्रश्न विचारला जातो.

तुमची पानं रात्री बसून पाहिली. थोडं काम तुम्ही बरोबर केलंय, थोडं चुकीचं. आणि सगळ्यात मोठी रक्कम तर कापलेलीच नाही, तरी ती कापल्यासारखी दिसतेय. तिथूनच सुरू करतो.

बाबींकडे वळण्याआधी त्याची मागणी कशी बनली ते उलगडा. त्यानं आजपर्यंतचं एकूण काम 1,48,60,000 धरलं, त्यातून पाच टक्के अनामत 7,43,000 वजा केली, मग आजवर मिळालेले 1,10,15,200 वजा केले. राहिले 31,01,800. पण हे ‘मिळालेले’ त्यानं बँकेच्या पासबुकातून घेतलेत. पहिल्या पाच बिलांत अनामत जाऊन प्रमाणित झालेली रक्कम आहे 1,12,40,000. मधले 2,24,800 म्हणजे बरोबर दोन टक्के, म्हणजे टीडीएस. तो मालकानं त्याच्या पॅनवर सरकारात भरलाय, त्याला विवरणपत्रात वळता मिळणार. पासबुकात तो दिसत नाही, म्हणून गुत्तेदाराच्या मुनिमानं तो नकळत पुन्हा मागितला.

तुम्ही प्रमाणपत्रात 1,12,40,000 वजा केले, ते बरोबर आहे. पण त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. त्याला वाटतंय की इंजिनिअरनं मुरूम, लोखंड, प्लास्टर यांत सहा लाख कापले. त्यातले सव्वादोन लाख मोजमापाचे नाहीतच. म्हणून सगळ्यात वरती पहिली ओळ हीच टाका: ‘मागील प्रमाणित रक्कम 1,12,40,000 (प्रमाणपत्र 1 ते 5). अर्जदारानं बँकेत जमा 1,10,15,200 धरले. फरक 2,24,800 हा टीडीएस असून तो भरल्याचे तपशील मालकाकडून सोबत जोडले आहेत.’ ते तपशील मालकाच्या सीएकडून मागवून खरोखर जोडा. ही एक ओळ वाचूनच निम्मा राग उतरेल. आणि यापुढे दरवेळी एकूण प्रमाणितातून मागचं एकूण प्रमाणित वजा करायचं, पासबुक त्यात आणायचं नाही, हे त्याच्या मुनिमाला समोर बसवून सांगा.

आता बाबी. माझी एक जुनी सवय सांगतो. फरकाच्या प्रत्येक रुपयावर मी तीनपैकी एक शब्द लिहितो: अमान्य, थांबवलं किंवा वळवलं. अमान्य म्हणजे या कामाचे हे पैसे मिळणार नाहीत. थांबवलं म्हणजे काम झालंय किंवा हक्क आहे, पण एखादी अट राहिलीय, आणि ती पुरी झाली की मिळतील. वळवलं म्हणजे रक्कम या ओळीतून काढून दुसऱ्या ओळीत बसवली. तुमच्या तक्त्यात हे तिन्ही एकाच ‘कमी’ या रकान्यात गेलेत. गुत्तेदाराला त्याचा पैसा बुडाला की अडकला, हेच त्यातून कळत नाही. मजुरांची हजेरी चुकवायची असते त्याला, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

मुरुमाच्या भरावापासून बघू, कारण आपल्या काळ्या मातीच्या भागात भांडण इथेच पेटतं. त्यानं 226 ब्रास लिहिलेत. हायवाच्या पावत्या जोडल्यात, पावत्या खऱ्या आहेत. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर, तर 226 ब्रासचे झाले 640 घनमीटर. तुम्ही मोजले 504. फरक 136 घनमीटर, 620 च्या दरानं 84,320 रुपये. त्याच्या मनात आहे, मी मुरूम आणला, टाकला, इंजिनिअर म्हणतो आणलाच नाही. आणलाय तो. पण गाडीतला मुरूम सुटा असतो, पाणी मारून रोलर फिरवला की बसतो, आणि बाबीच्या वर्णनात परिमाण ‘दबाईनंतरचे’ असं लिहिलेलं आहे. 640 ला 504 नं भागलं तर 1.27 येतात. गाडीवरचं माप दबलेल्या मापापेक्षा पंचवीस ते तीस टक्के जास्त येणं मी नेहमी पाहिलंय, त्यामुळे तुमचा आकडा पटतो. हेच गुणोत्तर दीडच्या वर गेलं असतं, तर मी तुम्हालाच थांबवलं असतं. मग एकतर गाड्या अर्ध्या भरून आल्या, नाहीतर खालची लेव्हल चुकली.

खालची लेव्हल म्हणजे काळी माती काढून झाल्यावरची लेव्हल. माती काढण्याआधीची लेव्हल धरली, तर जितकी माती काढली तितक्या उंचीचा भराव गुत्तेदाराच्या हिशोबातून गायब होतो, आणि ही चूक आपल्याकडे सर्रास होते. तुमच्या एमबीत दोन्ही लेव्हल आहेत, माती काढल्यानंतरच्या नोंदीवर त्याच्या सुपरवायझरची सही आहे, सरासरी जाडी 1.20 मीटर आणि क्षेत्र 420 चौरस मीटर. म्हणजे तुमचा पाया पक्का आहे. शेरा असा लिहा:

‘मुरूम भराव: मागणी 640 घ.मी. (226 ब्रास, वाहतूक पावत्यांवरून). मान्य 504 घ.मी., काळी माती काढल्यानंतरच्या व दबाईनंतरच्या संयुक्त लेव्हलवरून (एमबीतील नोंदीचे पान). बाबीच्या वर्णनानुसार परिमाण दबाईनंतरचे. फरक 136 घ.मी. × 620 = 84,320 रुपये, अमान्य. संयुक्त लेव्हलबाबत हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी, फेरतपासणी करू.’

पानाचा क्रमांक टाकायला विसरू नका. जालन्याच्या एका गोदामाच्या कामावर मी तुमच्या वयाचा असताना अशाच भरावापुढे ‘जादा परिमाण’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. वाद लवादाकडे गेला, चार वर्षांनी मला विचारलं की जादा कशावरून. आकडा माझा बरोबर होता, पण लेव्हलच्या कागदावर समोरच्याची सही नव्हती आणि शेऱ्यात त्या कागदाचा उल्लेखही नव्हता. मालकाला ते पैसे गुत्तेदाराला द्यावे लागले.

लोखंडाचा विषय वेगळा आहे, कारण इथे तुमचा एक आकडा दोन तुकड्यांचा आहे. त्यानं काट्याच्या पावत्यांवरून 14.20 टन लावले, तुम्ही बार बेंडिंग शेड्यूलवरून 12.65 काढले आणि 1.55 टन सरसकट उडवले. बसवलेलं लोखंड शेड्यूलवरून मोजायचं, हे बरोबर. लांबी मोजायची आणि व्यासाचा वर्ग भागिले 162 या हिशोबानं वजन काढायचं, ओव्हरलॅप आणि मंजूर खुर्च्या धरायच्या, तुकडे धरायचे नाहीत. पण मग उरलेलं 1.55 टन कुठे आहे, हे विचारायचं राहिलं. तुमच्याच साठा नोंदीत त्या तारखेला 1.10 टन लोखंड यार्डात पडून आहे. ते बसवलेलं नाही म्हणून आरसीसीच्या बाबीत येणार नाही, पण तुमच्या करारात साइटवर आणलेल्या साहित्यावर बिलाच्या मूळ किमतीच्या 75 टक्के अग्रिम देण्याचं कलम आहे. तो त्याचा हक्क तुमच्या तक्त्यात दिसतच नाही.

म्हणून ही ओळ फोडा. 1.10 टन, 72,000 च्या दरानं 79,200, हे ‘वळवलं’. त्याबदल्यात साहित्याच्या ओळीत 1.10 टन, बिलातली किंमत 55,000 प्रति टन, त्याचे 75 टक्के, म्हणजे 45,375 मिळवा. बाकीचे 33,825 तो ते लोखंड बांधेल तेव्हा सुटतील, आणि त्यावेळी हे 45,375 साहित्याच्या ओळीतून उतरवायचे. अग्रिम देण्याआधी खरेदीचं बिल त्याच्या नावावर आहे का आणि साठ्याची मोजणी दोघांच्या सहीची आहे का, एवढं बघून घ्या.

शेवटी राहतं 0.45 टन, 32,400 रुपयांचं. ते ‘अमान्य’ आहे, पण कारण नीट लिहा, नाहीतर चोरीचा आरोप केल्यासारखं वाटतं. त्यात कटिंगचे तुकडे आहेत, आणि सळईचं प्रत्यक्ष वजन प्रमाण वजनापेक्षा थोडं जास्त असणंही आहे. आयएस 1786 मध्येच दहा मिलीमीटरपर्यंतच्या सळईला सात टक्के, त्यावर सोळापर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळईला तीन टक्के कमीजास्त चालतं. काटा खरं वजन सांगतो, करार प्रमाण वजनाचे पैसे देतो, आणि वेस्टेज दरात धरलेलं आहे असं तुमच्या बीओक्यूच्या टिपेत लिहिलंय. त्या टिपेचा क्रमांक टाका. एकूण आणलेल्या मालाच्या तीन टक्क्यांच्या आसपास हा फरक आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

प्लास्टरमध्ये मात्र चूक तुमची आहे. आतल्या भिंतींतले चाळीस दरवाजे, प्रत्येकी 2.1 चौरस मीटर. त्यानं एकही वजा केला नाही, हे त्याचं चुकलं. तुम्ही दोन्ही बाजूंनी वजा केले, 168 चौरस मीटर. आयएस 1200 च्या भाग 12 प्रमाणे अर्धा चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजाच करायचं नाही. अर्ध्याच्या वर आणि तीनपर्यंत असेल आणि दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचं प्लास्टर असेल, तर एकाच बाजूचं वजा करायचं, आणि त्याबदल्यात चौकटीच्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजायचं नाही. दोन्ही बाजूंचं वजा होतं ते तीन चौरस मीटरच्या वर, आणि तेव्हा कडा मिळवाव्या लागतात. म्हणजे इथे वजा व्हायला हवेत 84 चौरस मीटर, 260 च्या दरानं 21,840 रुपये, ‘अमान्य’. तेवढेच दुसरे 21,840 त्याला परत द्या. बाहेरच्या खिडक्यांचा हिशोब तुम्ही बरोबर केलाय, त्याला हात लावू नका.

स्लॅबच्या काँक्रीटचे दहा टक्के तुम्ही रोखलेत. 92 घनमीटर, दर 6,800, त्याचा दहावा हिस्सा 62,560. इथे आधी एक गोष्ट बघितली, की करारात ‘28 दिवसांचा निकाल येईपर्यंत दहा टक्के राखून ठेवावेत’ असं कलम आहे का. आहे. नसतं, तर तुमच्या मनानं असे पैसे रोखता आले नसते, कितीही शहाणपणाचं वाटलं तरी. आता ही रक्कम कशानं सुटेल ते लिहा. स्लॅब 8 फेब्रुवारीला टाकला, निकाल 8 मार्चला येतील. आयएस 456 प्रमाणे 92 घनमीटरला पाच नमुने लागतात, म्हणजे प्रत्येकी तीन, असे पंधरा क्यूब फक्त 28 दिवसांच्या निकालासाठी. तुमच्या रजिस्टरला पाच नमुन्यांची नोंद आहे, ते ठीक. शेरा: ‘थांबवलं, 62,560. नमुना 1 ते 5 चे 28 दिवसांचे निकाल आयएस 456 च्या निकषांत बसल्यास, निकाल मिळाल्यानंतरच्या पहिल्या प्रमाणपत्रात पूर्ण देय.’ सात दिवसांचा निकाल चांगला आलाय हे खरं, पण त्यावर स्वीकार ठरत नाही, म्हणून त्याचा उल्लेख शेऱ्यात नको.

आता कठीण खडक. फुटिंगच्या खड्ड्यांत काळा पाषाण लागला, ब्रेकर लावून 60 घनमीटर फोडला, बीओक्यूत ती बाब नाही. त्यानं 1,450 नं 87,000 लावले आणि तुम्ही ‘दर मंजूर नाही’ म्हणून शून्य केलं. हे मला अजिबात पटलं नाही. काम झालंय, परिमाणाला तुमचीच सही आहे, खोदाईचा आदेशही लेखी आहे. दर ठरला नाही एवढ्यानं कामाची किंमत शून्य होत नाही. दर ठरेपर्यंत तात्पुरता दर लावून द्यायचा असतो. ब्रेकरचं तासाचं भाडं, तुमच्या लॉगबुकातले तास, मजूर आणि नफा-वरखर्च धरून मी हिशोब केला, तो 900 च्या जवळ येतो. त्यामुळे 54,000 आता द्या आणि 33,000 ‘थांबवलं’ लिहा: ‘दर विश्लेषण गुत्तेदारानं पुरावे जोडून द्यावं, आर्किटेक्टच्या निर्णयानंतर फरक पुढील प्रमाणपत्रात.’ निर्णय 900 च्या खाली गेला तर उतरवताही येतो, म्हणून ‘तात्पुरता’ हा शब्द गाळू नका.

आता बेरीज करून बघा. कामात 3,13,320 कमी झाले, साहित्यात 45,375 वाढले, म्हणजे आजपर्यंतचं एकूण 1,45,92,055. तुमच्या करारात अनामत फक्त झालेल्या कामावर आहे, साहित्याच्या अग्रिमावर नाही, म्हणून ती 1,45,46,680 वर पाच टक्के, 7,27,334. मागचे प्रमाणित 1,12,40,000 वजा केले की देय 26,24,721 येतात. तुमच्या आकड्यापेक्षा हे 1,17,423 नं जास्त आहेत.

त्याच्या मागणीपेक्षा अजूनही 4,77,079 कमी आहेत, पण आता ते दाखवता येतात. 2,24,800 टीडीएसचे. अमान्य 1,38,560, म्हणजे मुरूम, प्लास्टर आणि लोखंडाचे तुकडे मिळून. थांबवलेले 95,560. वळवल्यामुळे तूर्त राहिलेले 33,825. या सगळ्यातून 15,666 वजा, कारण काम कमी धरलं की अनामतही त्याच्या हिशोबापेक्षा कमी कापली जाते. ही शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात, मग बेरीज जुळत नाही आणि समोरचा म्हणतो, यांना आकडेच येत नाहीत. फरकाची बेरीज रुपयापर्यंत जुळेपर्यंत प्रमाणपत्र बाहेर पाठवू नका.

अनामत कापली म्हणून त्याला ‘कपात’ म्हणू नका. ती त्यानं स्वतःच्या अर्जातही वजा केलेली आहे. मोबिलायझेशन अग्रिम दिलं असतं तर त्याची वसुलीही अशीच वेगळी दाखवली असती, बाबींच्या तक्त्यात कधीच नाही. जीएसटीही तक्त्याच्या बाहेर. त्याला सांगा, टॅक्स इन्व्हॉइस प्रमाणपत्र हातात आल्यावर प्रमाणित रकमेवर काढ. 31 लाखांवर आधीच काढला असेल तर न मिळालेल्या पैशांवर कर भरायची पाळी येईल आणि क्रेडिट नोटचा खटाटोप वेगळा.

भाषेबद्दल एक गोष्ट. तुमच्या मसुद्यात एका ठिकाणी ‘गुत्तेदारानं फुगवून लावलेलं परिमाण’ असं आहे. काढून टाका. त्यानं हायवाच्या पावतीवरून लावलं, तुम्ही लेव्हलवरून मोजलं, एवढंच खरं आहे आणि एवढंच लिहायचं. हेतूवर लिहिलेलं वाक्य पुढे तुमच्याच गळ्यात पडतं.

देण्याआधी त्याला बोलवा, चहा सांगा आणि तक्ता वरून खाली वाचून दाखवा. प्लास्टरची आणि खडकाची चूक तुमची होती, ते तुम्हीच आधी सांगा. मुरुमावर तो तरीही ऐकणार नाही, असा माझा अंदाज आहे. मग ‘हरकत राखून स्वीकारलं’ असं लिहून त्यानं सही करू द्यावी. त्यानं तुमचं काही बिघडत नाही, त्याचा हक्क शाबूत राहतो आणि पैसे अडत नाहीत. सातव्या बिलाचा तक्ता करताना सुरुवातीलाच दोन ओळी आणा: स्लॅबचे 62,560 आणि खडकाचे 33,000, त्यांच्यापुढे त्या दिवशीची स्थिती. आणि 8 मार्चला निकाल आले की त्याचा फोन येण्याची वाट न पाहता लॅबच्या कागदाची प्रत त्याला पाठवा.